जॅकोबी मेथडचा प्रोग्राम अडकून बसतोय (३×३ सिमेट्रिक मॅट्रिक्स, सगळ्या आयगेनव्हॅल्यू)

प्राजू_व

मंडळी, मदत हवीय. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला जॅकोबी मेथड स्वतः लिहायचीय, रेडीमेड फंक्शन वापरलं तर मार्क नाहीत. प्रॉब्लेम असा की दोन भिंतींच्या मधे तीन सारखी वजनं आणि चार सारख्या स्प्रिंगा, त्याच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सी काढा. k आणि m दोन्ही १ धरले की मॅट्रिक्स ही येते:

```
 2 -1  0
-1  2 -1
 0 -1  2
```

कोड कॉलेजच्या जुन्या पीपीटीतून उचललाय. p,q ची जोडी १-२, मग १-३, मग २-३ अशी फिरवत न्यायची, आणि डायगोनलच्या बाहेरच्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ (मी त्याला off म्हणतेय, फक्त वरचा त्रिकोण) 1e-10 च्या खाली गेलं की थांबायचं. मुख्य भाग हा:

```python
if A[p,q] == 0: continue
theta = (A[q,q] - A[p,p]) / (2*A[p,q])
t = np.sign(theta) / (abs(theta) + np.sqrt(theta**2 + 1))
c = 1/np.sqrt(t*t + 1); s = t*c
J = np.eye(3)
J[p,p] = J[q,q] = c; J[p,q] = s; J[q,p] = -s
A = J.T @ A @ J
```

गंमत म्हणजे मनाने दुसरे आकडे घालून बघितलं तर झकास चालतो, पण नेमका असाइनमेंटच्या मॅट्रिक्सवर संपतच नाही. off प्रिंट केला तर १.४१४२ आणि तोच, पुढे तसूभर हलत नाही, Ctrl+C मारावं लागतं. सोमवारी सबमिशन आहे.

टणटणीत

इतकी यातायात कशाला, `np.linalg.eigh(A)` लिही, एका ओळीत उत्तर. जॅकोबी म्हणजे हाताने गणितं करायच्या काळातली गोष्ट, आता कोण वापरतं. आणि तसंही तुझ्या मॅट्रिक्समधे डायगोनलच्या वर तीनच आकडे आहेत, त्यातला एक आधीच शून्य, म्हणजे दोन रोटेशनमधे संपायला हवं. while लूप लावलायच कशाला?

प्राजू_व

@टणटणीत पहिल्या ओळीत लिहिलंय की हो, रेडीमेड चालत नाही. आणि दोन रोटेशनमधे संपतं का खरंच? मग सगळीकडे "परत परत करा" असं का सांगतात?

सांगलीकर_अण्णा

बाळ, हे तर मोहर सर्कल आहे! आम्ही स्ट्रक्चरवाल्यांनी आयुष्यभर हेच केलं. σx, σy आणि शिअर τ दिला की tan 2θ = 2τ/(σx−σy), त्या कोनात तुकडा फिरवला की शिअर शून्य आणि प्रिन्सिपल स्ट्रेस हातात. तुझ्या बाबतीत σx = σy = २, म्हणजे खाली शून्य येतं, म्हणजे 2θ नव्वद अंश, म्हणजे तुकडा ४५ अंशात फिरवायचा. यात अडकण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. लोडिंग कुठल्या दिशेने आहे ते लिहिलं असतंस तर बरं झालं असतं.

रिकामटेकडा

अण्णा, स्प्रिंगा आहेत, बीम नाही :)

पण अण्णांनी बोट बरोबर जागी ठेवलंय असं वाटतं. डायगोनलवरचे दोन आकडे सारखे. theta शून्य. मग sign(0) किती?

मुक्ताफळ

शून्य. तिथेच पाणी मुरतंय.

`np.sign(0)` एक देत नाही, उणे एक देत नाही, शून्यच देतो. मग t शून्य, s शून्य, c एक, आणि J म्हणजे निव्वळ युनिट मॅट्रिक्स. फिरवलं म्हणतोय पण शून्य अंशात फिरवलंय. १-२ ला हे झालं, १-३ ची जागा आधीच शून्य म्हणून continue, २-३ ला पुन्हा डायगोनल सारखे म्हणून पुन्हा शून्य अंश. एक पूर्ण फेरी झाली, मॅट्रिक्स होती तशीच, आता कयामतपर्यंत चालव. मनाने घातलेल्या आकड्यांत डायगोनल वेगवेगळे असणार म्हणून तिथे कळलं नाही. वाईट भाग हा की डायगोनल सारखे असणं ही काही विचित्र केस नाही, स्प्रिंगा, साखळ्या, कोरिलेशन मॅट्रिक्स (तिथे तर सगळा डायगोनल १ च असतो) सगळीकडे हेच.

अण्णांचं ४५ अंश अगदी बरोबर आहे, कोडला तेच सांगायचंय:

```python
t = np.copysign(1.0, theta) / (abs(theta) + np.sqrt(theta**2 + 1))
```

copysign शून्यालाही अधिक किंवा उणे धरतो, मोकळा सोडत नाही. +४५ की −४५ याने काही बिघडत नाही, फक्त डायगोनलवर कुठला आकडा कुठे बसेल ते बदलतं.

आता @टणटणीत यांच्या दोन रोटेशनबद्दल. ३×३ ला ते होत नाही आणि का होत नाही हे याच मॅट्रिक्सवर हाताने केलं की दिसतं. मी +४५ घेतोय.

पहिलं रोटेशन १-२ वर. डायगोनलचे २ आणि २ चे ३ आणि १ झाले, १-२ ची जागा शून्य. छान. पण रोटेशन फक्त त्या जागेला हात लावत नाही, पहिली आणि दुसरी रांग (आणि तेच दोन कॉलम) अख्ख्या एकमेकांत कालवते. तिसऱ्या कॉलममधे पहिल्या रांगेत ० होता आणि दुसऱ्या रांगेत −१. ते कालवले गेले आणि झाले ०.७०७१ आणि −०.७०७१:

```
 3       0       0.7071
 0       1      -0.7071
 0.7071 -0.7071  2
```

म्हणजे आयता मिळालेला १-३ चा शून्य गेला! दुसरं रोटेशन १-३ वर केलं (कोन साधारण २७ अंश) की तो पुन्हा शून्य होतो, डायगोनल ३.३६६०, १, १.६३४०, पण आपण आत्ताच शून्य केलेली १-२ ची जागा −०.३२५१ होऊन परत उगवते, आणि २-३ ला −०.६२८०. तिसरं २-३ वर केलं की डायगोनल ३.३६६०, ०.६१३६, २.०२०४, आणि उरले १-२ ला −०.२७६८ आणि १-३ ला ०.१७०४.

एका जागचं तण उपटलं की शेजारी उगवतं असं वाटेल, पण बेरीज बघा. डायगोनलच्या वरच्या तीन आकड्यांच्या वर्गांची बेरीज सुरुवातीला २ होती, मग १, मग ०.५, मग ०.१०५७. प्रत्येक वेळी बरोब्बर तेवढीच कमी झाली जेवढा शून्य केलेल्या आकड्याचा वर्ग होता (१, ०.५, ०.३९४३). कारण साधं आहे, तिसऱ्या कॉलममधल्या त्या दोन आकड्यांची जोडी रोटेशनने नुसती फिरते, त्यांच्या वर्गांची बेरीज बदलत नाही, पायथागोरस. म्हणजे इतरांच्यात नुसती देवाणघेवाण, आणि शून्य केलेल्याचा वर्ग कायमचा डायगोनलकडे जमा. तिकडे डायगोनलच्या वर्गांची बेरीज १२ वरून १४, १५, १५.७९ अशी चढत जाते, वाढ दुप्पट कारण वरचा आणि खालचा असे दोन सारखे आकडे तिकडे जातात.

एवढं हाताने झालं. दुसरी फेरी तू मशीनवर कर आणि आकडे इथे टाक.

टणटणीत

ओके, २×२ ला एकात होतं म्हणून मी तसंच पुढे धरलं. पण मग मोठ्या मॅट्रिक्सला हे थांबतं याची गॅरंटी काय? कमी होत होत मधेच कुठेतरी अडकलं तर?

मुक्ताफळ

प्रत्येक वेळी सगळ्यात मोठा आकडा शोधून तोच शून्य केला तर गॅरंटी सोपी आहे. सगळ्यात मोठ्याचा वर्ग हा सरासरीपेक्षा कमी असू शकत नाही, जागा n(n−1)/2, म्हणून दर रोटेशनला बेरजेतला किमान तेवढावा हिस्सा जातो. ३×३ ला किमान एक तृतीयांश. जॅकोबीने १८४६ साली हाच मार्ग धरला, ग्रहांच्या कक्षा एकमेकांच्या ओढीने हळूहळू कशा सरकतात त्याचं गणित होतं, सात ग्रह, ७×७. हाताने करताना २१ आकड्यांवर नजर फिरवून मोठा शोधायला काहीच लागत नाही, गुणाकार करायलाच वेळ जातो.

कॉम्प्युटरवर उलटं होतं. एका रोटेशनला n च्या पटीत काम आणि मोठा शोधायला n² च्या पटीत, म्हणजे शोधणंच महाग. म्हणून शोधत बसायचं नाही, क्रमाने सगळ्यांना फिरवायचं, प्राजूच्या कोडमधे आहे तसं. ते थांबतं हे सिद्ध करायला मात्र १९६० उजाडलं, फोर्सायथ आणि हेन्रिची यांनी केलं, आणि त्यात अट आहे की कोन बेताचा हवा. +४५ ते −४५ च्या आतला घेतला की भागतं. वरचा t चा फॉर्म्युला नेमका तोच लहान कोन देतो, t कधी १ च्या वर जात नाही.

सांगलीकर_अण्णा

स्प्रिंगांचं मी नीट वाचलं नव्हतं, असो. पण आता विषय निघालाच आहे तर माझा एक प्रश्न. माझ्या पुतण्याने फायनाइट एलिमेंटच्या रिझल्टमधून प्रिन्सिपल स्ट्रेस काढायला असाच प्रोग्राम लिहिलाय, त्याचा काही पॉइंटांवर थांबत नाही. डायगोनल सारखे वगैरे काही नाहीत, σx १२० MPa, σy ४५, σz −३०, शिअर २० ते ३५ च्या घरात. त्याने आकडे पास्कलमधे घेतलेत. तो म्हणतो पहिल्या चार-पाच फेऱ्यांत off झपाट्याने खाली येतो आणि मग एका जागी लटकतो, थोडा वर थोडा खाली.

मुक्ताफळ

थांबायची अट 1e-10 ठेवलीय का? आणि मॅट्रिक्स J.T @ A @ J अशी गुणून काढतोय का?

सांगलीकर_अण्णा

फोन करून विचारलं. दोन्ही हो. तुम्हाला कसं कळलं?

मुक्ताफळ

कारण आकडे पास्कलमधे म्हणजे १२० MPa हे 1.2e8 झालं. डबल प्रिसिजनला साधारण सोळा आकडे मिळतात, म्हणजे 1e8 च्या गुणाकार-बेरजेत 1e-8 च्या आसपासचा कचरा राहणारच. पूर्ण मॅट्रिक्स गुणून काढली की ज्या जागी शून्य यायला हवं तिथे दोन मोठे आकडे एकमेकांतून वजा होतात आणि हा कचरा शिल्लक राहतो. त्याची अट आहे 1e-10 च्या खाली जा. जाणार कसा? तेच MPa मधे दिलं असतं तर कचरा 1e-14 च्या घरात, आणि प्रोग्राम मुकाट थांबला असता, मग त्याला वाटलं असतं की कोड बरोबर आहे.

दोन गोष्टी करायला सांगा. एक, अट मॅट्रिक्सच्या आकाराशी जोडा, off हा सगळ्या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाच्या 1e-12 पट झाला की पुरे. एकक काहीही असो, अट तीच राहते. दोन, पूर्ण गुणाकार टाकून द्या आणि जे बदलतं तेवढंच बदला:

```python
apq = A[p,q]
A[p,p] -= t*apq
A[q,q] += t*apq
A[p,q] = A[q,p] = 0.0
for r in range(n):
    if r != p and r != q:
        x, y = A[r,p], A[r,q]
        A[r,p] = A[p,r] = c*x - s*y
        A[r,q] = A[q,r] = c*y + s*x
```

इथे शून्य आपण हाताने लिहितो, मोजत नाही. बाकीचे डायगोनलबाहेरचे आकडे फक्त एकमेकांत कालवले जातात, मोठा डायगोनल त्यांच्यात मिसळतच नाही, म्हणून ते कचऱ्याच्या पातळीच्याही खाली उतरत जातात. शिवाय वरचा आणि खालचा त्रिकोण बिट न् बिट सारखा राहतो. J.T @ A @ J मधे तो हळूहळू वेगळा होत जातो आणि सिमेट्री नकळत सुटते. प्राजू, तूही हेच वापर, ३×३ ला फरक पडणार नाही पण वर्कबुकात बरं दिसेल.

रिकामटेकडा

एक शंका. ही theta, t, copysign सगळी भानगडच कशाला? मी सरळ असं करतो:

```python
phi = 0.5*np.arctan2(2*A[p,q], A[q,q] - A[p,p])
```

c = cos, s = sin, संपलं. डायगोनल सारखे असले तरी arctan2 आपोआप ४५ देतो, शून्याने भागायची भीती नाही, if नाही. आणि बोनस म्हणजे उत्तरं आपोआप चढत्या क्रमाने लागून येतात. मी ३×३ वर भरपूर वेळा चालवलंय, कधी अडकलं नाही.

मुक्ताफळ

क्रमाने लागतात ते का, हे बघितलंत का? समजा app मोठा, aqq लहान आणि apq जवळजवळ शून्य. काहीच करायची गरज नाही, पण arctan2 ला दुसरा आकडा उणे मिळतो, तो १८० च्या आसपासचा कोन देतो, अर्धा केला की ९०. म्हणजे तुम्ही दोन अक्षांची अदलाबदल करताय. सॉर्टिंग तिथून येतं. वर सांगितलेली सिद्धता कोन ९० पर्यंत जाऊ दिला तर लागू होत नाही.

रिकामटेकडा

सिद्धता लागू होत नाही म्हणजे चालत नाही असं नाही ना. एकदा क्रम लागला की पुढे सगळे कोन लहानच येणार.

मुक्ताफळ

ते मान्य, क्रम लागल्यावर. क्रम लागेपर्यंतच्या फेऱ्यांबद्दल बोलतोय. ३×३ ला मलाही अडकलेलं दिसलेलं नाही, पण मी कुणाला हे वापरा असं सांगणार नाही. cos-sin पण उगाच महाग, वर्गमुळात भागतं.

डेटावाली

मी जरा उशिरा येतेय. ४०० कॉलमचा डेटा आहे, पीसीए करायचंय, कोव्हेरियन्स मॅट्रिक्स सिमेट्रिक असते म्हणून वरचा कोड जसाच्या तसा चिकटवला. चहा करून आले, जेवण करून आले, अजून चालूच आहे. काही सेटिंग आहे का फास्ट करायचं?

टणटणीत

आता तरी म्हणू का, eigh वापर?

मुक्ताफळ

हा हा, आता म्हणा. ४०० ला एका फेरीत ७९,८०० रोटेशनं, प्रत्येकात ३९८ वेळा आतला for लूप, म्हणजे एका फेरीला तीन कोटींच्या वर वेळा, तोही पायथॉनचा, आणि फेऱ्या सात-आठ तरी लागतील. आतला लूप काढून रांगाच्या रांगा एकदम बदलल्या तर बराच फरक पडेल, पण तरी ४०० साठी eigh च. ते आधी मॅट्रिक्सला तीन पट्ट्यांच्या आकारात आणतं, ते काम एकदाच, आणि पुढचं स्वस्त. जॅकोबीत मात्र प्रत्येक फेरीला पूर्ण किंमत मोजावी लागते.

पण जुनाट म्हणून मोडीत काढायची गोष्ट नाही ही. डेमेल आणि वेसेलिच यांनी १९९२ मधे दाखवलं की सगळ्या आयगेनव्हॅल्यू पॉझिटिव्ह असतील अशा मॅट्रिक्सला, काही आकडे प्रचंड आणि काही चिमुकले असतील तेव्हा, जॅकोबी त्या चिमुकल्या आयगेनव्हॅल्यूही बऱ्याच अचूक देते (थांबायची अट त्या बेताने लावावी लागते, त्याच p,q जोडीच्या दोन डायगोनल आकड्यांच्या मानाने). पट्ट्यांच्या वाटेने गेलं की त्या मोठ्यांच्या कचऱ्यात बुडू शकतात.

डेटावाली

ओके समजलं, eigh ने क्षणात झालं. पहिल्या दोनच दिशा हव्या होत्या तसंही.

पाटील_ऑन_व्हील्स

ही मेथड मार्कोव्ह चेनच्या मॅट्रिक्सला चालेल का? रांगेची बेरीज १ असते ती.

मुक्ताफळ

सिमेट्रिक असेल तरच. नसेल तर १-२ आणि २-१ ला वेगळे आकडे असतात, एका कोनात दोन्ही एकदम शून्य होत नाहीत, आणि आयगेनव्हॅल्यू कॉम्प्लेक्स निघाल्या तर रोटेशनने त्या डायगोनलवर येणार तरी कशा. वेगळा धागा काढा.

प्राजू_व

सगळ्यांना धन्यवाद!! copysign घातलं आणि मुक्ताफळ यांचा जागच्या जागी बदलायचा कोड घातला. एका रोटेशनमधेच संपलं! उत्तर १, ३, २. बेरीज ६ येते, मूळ डायगोनलची बेरीजही २+२+२ = ६, म्हणजे बरोबर असणार. फक्त वर हाताने केलेल्या पहिल्या पायरीत डायगोनल ३, १, २ आहे आणि माझं १, ३, २. आणि तुमचं तर पुढे ३.३६६० वगैरे चाललंय. टणटणीत म्हणत होते तसं लवकर संपलं का मग?

टणटणीत

बघा! :D

मुक्ताफळ

थांब, थांब. ३-१ चं १-३ का झालं ते सोपं आहे, ०/(−२) म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी उणे शून्य, copysign ने त्याचं चिन्ह उचललं आणि तू −४५ अंशात फिरलीस. त्याला हरकत नाही.

पण १, ३, २ हे उत्तर चूक आहे. डायगोनलची बेरीज जुळली म्हणून फसू नकोस, रोटेशनमधे एकाला जेवढं दिलं तेवढंच दुसऱ्याकडून घेतलं जातं, त्यामुळे ती बेरीज जवळपास काहीही केलं तरी जुळते. वर्गांची बेरीज कर. मूळ मॅट्रिक्सच्या नऊच्या नऊ आकड्यांच्या वर्गांची बेरीज १२ + ४ = १६. तुझ्या उत्तरांची १ + ९ + ४ = १४. दोन गेले कुठे?

मॅट्रिक्स कशी लिहिलीस ते दाखव.

प्राजू_व

```python
A = np.array([[2,-1,0],[-1,2,-1],[0,-1,2]])
```

रिकामटेकडा

पूर्णांक!!! दशांश चिन्हच नाही.

मुक्ताफळ

बरोबर. सगळे पूर्णांक दिलेस म्हणून नमपायने पूर्णांकांचाच अ‍ॅरे केला. आता त्याच अ‍ॅरेत जागच्या जागी −०.७०७१ लिहायला गेलीस की तो अपूर्णांक कापून ० ठेवतो, ना एरर ना वॉर्निंग. १-३ आणि २-३ दोन्ही जागी −०.७०७१ यायला हवे होते, दोन्ही कापले गेले, मॅट्रिक्स लगेच डायगोनल झाली आणि प्रोग्राम खूश होऊन थांबला. त्या दोघांचे वर्ग ०.५ आणि ०.५, वरचा आणि खालचा त्रिकोण मिळून २. हेच ते हरवलेले दोन. आधीच्या J.T @ A @ J मधे दर वेळी नवी मॅट्रिक्स बनत होती आणि ती आपोआप अपूर्णांकांची व्हायची, म्हणून तिथे हे लपलं. कोडच्या सुरुवातीला `A = np.array(A, dtype=float)` टाक.

आणि वर्गांच्या बेरजेची तपासणी कोडमधेच ठेव, प्रत्येक फेरीनंतर. ती जुळली नाही की लगेच कळतं.

प्राजू_व

आता आलं!!! फेरीनुसार off:

```
sweep 0   1.414
sweep 1   0.325
sweep 2   0.00204
sweep 3   3e-13
```

डायगोनल दुसऱ्या फेरीनंतरच चार दशांशापर्यंत ०.५८५८, २.०००० आणि ३.४१४२ (क्रम मी लावून लिहितेय). वर्गांची बेरीज १६. हे २−√२, २ आणि २+√२ आहेत ना? पण दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधे असं कड्यावरून पडल्यासारखं का झालं?

मुक्ताफळ

हो, तेच आहेत. पडतं कारण शेवटी शेवटी सगळे कोन चिमुकले होतात. शून्य केलेल्या जागी जो आकडा परत उगवतो तो म्हणजे चिमुकला कोन गुणिले दुसरा चिमुकला आकडा. दोन लहानांचा गुणाकार, म्हणून दर फेरीला अचूक आकड्यांची संख्या किमान दुप्पट होते, इथे तर त्याहून जास्तच झाली. कोन म्हणजे साधारण apq भागिले दोन डायगोनल आकड्यांतला फरक, आणि तुझ्याकडे तो फरक १.४१ च्या वर आहे, ऐसपैस. आयगेनव्हॅल्यू एकमेकींना चिकटून असत्या तर कोन लवकर लहान झाले नसते आणि अशी घसरगुंडी थोडी उशिरा लागली असती.

फ्रिक्वेन्सीसाठी वर्गमूळ काढायला विसरू नकोस, आयगेनव्हॅल्यू म्हणजे ω² आहे. ०.७६५, १.४१४, १.८४८.

प्राजू_व

हो ते केलंय. आयगेनव्हेक्टरसाठी V = V @ J असं दर रोटेशनला साठवत गेले. २ वाल्या आयगेनव्हॅल्यूचा कॉलम (०.७०७१, ०, −०.७०७१) आला, म्हणजे मधलं वजन जागेवर आणि कडेची दोन उलट दिशांना. बरोबर वाटतंय. फक्त आयगेनव्हॅल्यू सॉर्ट केल्या तेव्हा V चे कॉलम तसेच राहिले होते, ते argsort ने सोबत हलवले.

सांगलीकर_अण्णा

पुतण्याचा प्रोग्राम थांबला हो! अट बदलून. आता दुसरंच. काही पॉइंटांवर दोन प्रिन्सिपल स्ट्रेस जवळजवळ सारखे आहेत, तिथे ह्याच्या दिशा आणि सॉफ्टवेअरच्या दिशा बिलकुल जुळत नाहीत, व्हॅल्यू मात्र शेवटच्या दशांशापर्यंत जुळतात. आता कोणावर विश्वास ठेवायचा?

मुक्ताफळ

दोघांवर. दोन व्हॅल्यू सारख्या असल्या की त्यांच्या प्रतलातली कुठलीही काटकोनी जोडी चालते, मोहर सर्कल ठिपक्याएवढं होतं ना तुमचं, तसं. तिसरी दिशा जुळते का ते बघायला सांगा, ती जुळायलाच हवी.

सांगलीकर_अण्णा

तिसरी जुळते.

रिकामटेकडा

मी arctan2 वालं १०×१० च्या रँडम मॅट्रिक्सवर लावून ठेवलंय रात्रभर, एक तरी अडकते का बघू. अडकली तर इथे टाकतो, नाही अडकली तरी मुक्ताफळ मानणार नाहीतच.

मुक्ताफळ

रँडममधे डायगोनल सारखे येणार नाहीत. प्राजूच्यासारखी साखळी घ्या, १० वजनांची, आणि डायगोनलचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे उतरते ठेवूनही एकदा बघा.